एकशे दोनची भिंत

नऊ इंची भिंत पाडली आणि एकशे दोनमधला जितेंद्र वर तोंड करून मला म्हणतो, "पार्टिशन होतं हो मॅडम, नुसतं पार्टिशन!" पार्टिशन म्हणे! तुळिंजमधली आमची बिल्डिंग तळमजला धरून चार मजली, पंचवीस वर्षं जुनी, आणि ती भिंतींवरच उभी आहे. पण साहेबांना किचन ओपन पाहिजे. अक्कल गहाण ठेवून टाइल्स घेतल्या असणार.

मी सोसायटीची सेक्रेटरी. जितेंद्रच्या बरोब्बर वर दोनशे दोनमध्ये विनया राहते. तिचे सासरे आत्मारामकाका अर्धांगाने हॉलमधल्या खाटेवर पडून असतात. त्या खाटेखालची लादी फुटली, भिंतीला तडा गेला, तेव्हा विनया रडकुंडीला येऊन माझ्या दारात उभी राहिली.

त्याच दिवशी कमिटीत ठराव करून मी पत्र काढलं. 'सोसायटीच्या परवानगीशिवाय आपण आतील भिंत पाडली आहे. किचनचे उरलेले काम ताबडतोब थांबवावे व परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियरचा सुरक्षिततेचा अहवाल सात दिवसांत द्यावा, अन्यथा महापालिकेकडे तक्रार करण्यात येईल.' या बहाद्दराने पत्रच घेतलं नाही! मी ते दाराला चिकटवलं, फोटो काढला, एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवली.

सहाव्या दिवशी अहवाल आला. शिक्का ठसठशीत, आत लिहिलेलं, 'लिफ्टच्या खोलीस धोका नाही.' आमच्याकडे लिफ्ट आहे कुठे? कुठल्या तरी दुसऱ्याच बिल्डिंगचा कागद, वरचं नाव तेवढं बदललेलं. शी!

मग सोसायटीनेच इंजिनियर आणला. त्याने एकशे दोनचं छत पाहिलं, वर जाऊन तडा पाहिला. "भार घेणारी भिंत होती. आजच लोखंडी टेकू लावा. वरची खोली आत्ता रिकामी करा. भिंतीच्या जागी लोखंडी गर्डर बसेपर्यंत तिथे कोणी झोपायचं नाही." मग वहीतून मान वर करून त्याने विचारलं, "भिंत पाडल्याचं सोसायटीला कधी कळलं?"

"तडा गेल्यावर," मी ठणकावून सांगितलं.

जितेंद्र हसला आणि त्याने मोबाइल पुढे केला. महिन्यापूर्वीची त्याच्या घरची सत्यनारायणाची पूजा. मोकळ्या हॉलमध्ये अख्खी कमिटी, आणि मधोमध मी, हातात शिऱ्याचा द्रोण. "याच मॅडम म्हणाल्या होत्या, काय ऐसपैस झालाय हो हॉल!"

म्हणाले होते. शिरा दोनदा घेतला होता. तेव्हा भिंत कुठे गेली, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. प्रसादाच्या घरी कोण हुज्जत घालणार?

विनयाने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "क्षितिजाताई, तुम्हाला महिनाभर माहीत होतं? आणि पप्पा तिथेच झोपत होते?"

इतका वेळ जितेंद्रची जी किळस येत होती, ती सगळी माझ्याच अंगावर आली.

काकांची खाट हलवायला माणसं जमली. एक कोपरा धरायला मी वाकले.

"राहू द्या," विनया म्हणाली, "तुम्ही नको."