साहेबांच्या नजरेखालून

पास्कल फौजेत गेल्यापासून त्याच्या पत्रांत केळीच्या बागेशिवाय दुसरं काही नसायचं. घडांना टेकू दिले का, पाटाला पाणी आहे का. ग्रेसी चिडायची. "लग्न माझ्याशी केलंय की केळींशी?"

पत्त्यात त्याच्या ठिकाणाचं नावही नसे, फक्त पलटण आणि '५६ ए.पी.ओ.' हा फौजी टपालाचा क्रमांक. सीमेवरून निघणारं प्रत्येक पत्र आधी तिथले साहेब वाचत, जागेचं नाव दिसलं की काळ्या शाईने झाकत आणि मगच शिक्का मारत.

हिवाळाभर तिकडचा घाट बर्फाने बंद होता. नाताळात लिहिलेलं पत्र ईस्टर उलटल्यावर आगाशीला घरी पोचलं.

'ग्रेसी, साहेब वाचतात म्हणून लाजून आजवर केळींचंच लिहिलं. पण इथे बर्फात पहारा देताना तुझ्या हातांची ऊब आठवते. वाचू दे साहेबांना. तू माझा जीव आहेस.'

खाली साहेबांची सही होती. एक अक्षरही खोडलं नव्हतं.

ग्रेसी कानापर्यंत लाल झाली. आपलंही पत्र साहेब वाचणारच, असं धरून तिने बागेतली केळी सुकवून केलेल्या सुकेळीचं पुडकं बांधलं आणि उत्तर लिहायला घेतलं:

'साहेब, अर्धी सुकेळी तुमची. आता पत्र ह्यांच्या हातात द्या. पुढचं तुमच्यासाठी नाही.'