हिवाळी वजन

आमच्या तापीकाठच्या दवाखान्यात हिवाळ्यात जन्मणारी मुलं उन्हाळ्यातल्या मुलांपेक्षा वजनदार असत. डॉक्टरसाहेबांनी याचं श्रेय नव्या बाजरीला दिलं होतं आणि धुळ्याच्या एका सभेत तसा निबंधही वाचला होता. मी तिथं कारकून होतो. बाळंतिणीला घरी सोडताना बाळाचं कार्ड तयार करणं माझ्याकडे असे. प्रसूतीच्या नोंदींतून जन्माचं वजन, दूध आणि लस उतरवायची, खाली धोक्याच्या खुणा लिहायच्या आणि रंजनाबाई सिस्टरची सही घ्यायची. सिस्टरची सही मिळणं बाळंतपणाहून अवघड होतं.

त्रेसष्टच्या जानेवारीत भुरीबाईचं कार्ड अडलं. भुरीबाई डोंगरावरच्या तोरणमाळची. पहिल्या खेपेला फार हाल झाले म्हणून या वेळी नवरा आमशा तिला आधीच खाली घेऊन आला होता. मुलगा झाला, जरा लहान, पण धड. आता दहावा दिवस होता. वर घरी तीन वर्षांची मुलगी आजीपाशी राहिली होती. भुरीबाई दिवसभर उत्तरेकडच्या व्हरांड्यात सातपुड्याकडे तोंड करून बसे. बाळाला पाजतानासुद्धा मान तिकडेच. दुपारी लाकडं आणणारा ट्रक रिकामा डोंगराकडे परतणार होता, आणि पुढचा ट्रक आठ दिवसांनी.

आमशा सकाळपासून माझ्या खिडकीशी उभा होता. दर थोड्या वेळानं विचारी, "कागद कवय व्हई, भाऊ?"

कागद होत नव्हता. जन्माचं वजन पाच पौंड आठ औंस, म्हणजे जवळजवळ अडीच किलो. त्या सकाळी सिस्टरनं बाळाला उन्हात उघडं करून किलोच्या नव्या काट्यावर तोललं, तर दोन किलो दोनशे. पहिल्या दिवसांत बाळ थोडं उतरतं, पण दहाव्या दिवशी तरी जन्माच्या वजनावर परत यायला हवं. हे तर जवळजवळ तीनशे ग्रॅमनं कमी. सिस्टर म्हणाल्या, आणखी आठ दिवस राहील. आमशानं ते बायकोला तिच्या बोलीत सांगितलं. ती बांधलेलं गाठोडं सोडून भांडी पुन्हा खाटेखाली लावू लागली.

मी तोवर दुधाचा रकाना लिहीत होतो. पहिले दोन दिवस ओढ कमी, आईचं दूध पिळून चमच्यानं. चौथ्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी नीट ओढतं. दिवसाला आठ-नऊ वेळा पाजणं, सात लंगोट ओले. असं पिणारं आणि असं भिजवणारं मूल वाळतं कसं, हे मला कळेना. म्हणून जन्माच्या वेळी काटा धरणाऱ्या तापीबाईला बोलावलं. तापीबाई वीस वर्षांची जुनी आया. वजन कसं केलं, असं मी विचारलं.

"कसं म्हंजे? घोंगडीमा गुंडाळीसन," ती म्हणाली. "थंडीना दिनमा लोखंडवर उघडं पोर ठेवू का मी?"

दरवर्षी असंच का, हेही विचारलं. दरवर्षी, ती म्हणाली. उन्हाळ्यात मात्र उघडं.

मी घोंगडीचा तो तुकडा घेऊन सिस्टरकडे गेलो. त्यांनी तो काट्यावर टाकला. तीनशे चाळीस ग्रॅम. बाजरीचं रहस्य पारड्यात पसरलं होतं. बाळ जन्मलं तेव्हा दोन किलो एकशे पंचावन्न भरलं असणार. म्हणजे ते उतरलं नव्हतं, पंचेचाळीस ग्रॅमनं वाढलंच होतं.

"डॉक्टरसाहेबांना मी सांगेन," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही लिहा."

लस अजून नाही, वजन कमी म्हणून. तीन महिन्यांनी त्रिगुणी लसीची पहिली सुई, देवीची त्यानंतर, असं लिहिलं. मग खुणा. सिस्टर एकेक सांगत आणि आमशा बोटं दुमडत तेच म्हणून दाखवी. दूध सोडलं, हातपाय गार पडले, अंग तापलं, श्वास भराभर चालला, झटका आला, बेंबीतून पू आला, तळपाय पिवळे झाले, तर लगेच खाली आणायचं. बाळाला आईच्या छातीशी, उबेत ठेवायचं. सातही खुणा बिनचूक झाल्यावर सिस्टरनं सही केली.

भुरीबाई आमशाच्या कानाशी काहीतरी बोलली. तो सांगायला तयार होईना. सिस्टरनं दटावलं तेव्हा म्हणाला, "ती विचारस, घर पोरगीनं माले वळखं नही तं काय करानं? कागदवर शे का ते?"

सिस्टरनं कार्ड उलटसुलट पाहिलं, जणू छापखान्याकडून तेवढं राहून गेलं असावं.

"घरी पोचल्यावर आधी पोरीला उचल म्हणावं तिला," त्या म्हणाल्या. "याला तोवर तू छातीशी धर. पोरीचं मन भरेपर्यंत तिला खाली ठेवायचं नाही."

आमशानं ते सांगितलं. भुरीबाईनं तिथल्या तिथं बाळ त्याच्या सदऱ्यात सरकवलं, पदर खोचला, आणि रिकाम्या कडेवर हात ठेवून ट्रककडे चालू लागली.