दीडशे शब्दांत मावलेला पंखा

"मॅडम, तुम्ही आमचे प्रकल्प अहवाल खरंच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचता का?"

प्रश्न माझा नव्हता, मैत्रिणींनी पैज लावली होती. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. यंदा मला कंठ फुटलाय, आणि तो वाया घालवायचा नाही असं मी ठरवलंय.

"तुझा वाचला," विज्ञानाच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बावीस पानं. अकराव्या पानावर तक्ता उलटा चिकटवलायस."

मागून खुसखुस ऐकू आली.

"पण निवड समिती एवढं वाचणार नाही. एक्केचाळीस अहवालांतले पाच प्रदर्शनाला जाणार. आधी गोषवारा वाचतात. दीडशे शब्द. तो पटला तर पुढचं पान उलटतात. तुझा कुठाय?"

होता की. रात्रभर अहवाल लिहून झाल्यावर दमून खरडलेला, पण होता. 'आधुनिक जीवनात आवाज ही ज्वलंत समस्या आहे' इथून सुरू होऊन 'रंजक निष्कर्ष अहवालात वाचावेत' इथे संपणारा. मॅडमनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"हे नाटकाचं पोस्टर झालं. गोषवाऱ्यात शेवट आधीच फोडायचा असतो, बाई. का केलं, कसं केलं, काय मिळालं आणि त्यावरून काय म्हणता येतं. आकड्यांसकट. अहवालात नाही ते इथे नको. उद्या सकाळी दे."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले. माझा प्रकल्प असा: वर्गातल्या पंख्याच्या खडखडाटात शिकवलेलं किती ऐकू येतं? चार रांगा, प्रत्येकीत सहा जण. मी फळ्यापाशी उभी राहून वीस शब्द वाचले आणि सगळ्यांनी ऐकू आले तेवढे लिहिले. एकदा पंखा बंद ठेवून, एकदा चालू ठेवून, दोन वेगळ्या याद्यांनी. बंद असताना प्रत्येक रांगेचे सरासरी अठरा शब्द बरोबर आले. चालू असताना सगळ्या वर्गाची सरासरी तेरा. पाच शब्द पंख्याने खाल्ले. बाबांनी हे वाक्य कामावर निम्म्या गॅरेजला सांगून टाकलं होतं.

'कसं केलं' एका वाक्यात बसवायला घेतलं: 'पंखा बंद असताना पहिल्या तासाला व चालू असताना जेवणाच्या सुट्टीनंतर चाचणी घेतली.'

माझं पेन थांबलं.

अहवालात सकाळची वेळ पान सातवर होती, दुपारची पान बारावर. मध्ये आकृत्या, तक्ते, रंगीत पेन्सिली. दोन्ही वेळा एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. इथे एका ओळीत शेजारी बसल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. जेवणानंतर आमचा अर्धा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपतो. मग पाच शब्द पंख्याने खाल्ले की पोटभर जेवणाने?

"काय झालं?" आईने विचारलं. ती दवाखान्यात परिचारिका आहे, चेहरे वाचायची तिला सवय.

मी सांगितलं. बाबा वाकून बघायला लागले.

"मग वेळ लिहू नकोस," ते म्हणाले. "अहवालात आहेच की. शब्दही वाचतील."

"गाडी विकताना ओरखड्यावर स्टिकर लावतात, तसं?" आई म्हणाली.

"अगं, पोरीने महिनाभर खपून केलंय. दोन शब्दांपायी घरी बसायचं का तिने?"

खरं सांगू, मी ते शब्द खोडलेसुद्धा. गोषवारा काय चकचकीत दिसत होता. मग आकडे पुन्हा बघितले, रांगेनुसार. पंखा चालू असताना पहिल्या रांगेला पंधरा, दुसरीला चौदा, बरोबर पंख्याखाली बसणाऱ्या तिसरीला दहा, शेवटच्या रांगेला तेरा. सगळे त्याच दुपारी, त्याच पोटाने. आणि सकाळी तर चारही रांगा सारख्या होत्या. म्हणजे तिसऱ्या रांगेचं दुखणं जेवणाचं नक्कीच नव्हतं. पण हे वाक्य पाच शब्द खाण्याइतकं रुबाबदार नाही. शिवाय जागा लागते ती वेगळीच.

मी 'आधुनिक जीवन' आणि 'ज्वलंत समस्या' दोघांना हाकललं. मोजलं. एकशे सत्तेचाळीस.

"वाच बघू शेवट," आई म्हणाली.

"'दोन्ही चाचण्या वेगळ्या वेळी झाल्याने एकूण घट पंख्यामुळेच झाली असे म्हणता येत नाही. मात्र पंख्याखालील रांगेला सर्वांत कमी ऐकू आले.'"

"'म्हणता येत नाही' वाचून ते पुढचं पान उलटतील?" बाबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजीच होती.

"माहीत नाही, बाबा. कदाचित नाही उलटणार. पण मी उद्या हाच गोषवारा देणार आहे. आणि गॅरेजमध्ये तुम्ही काय सांगितलंय, ते तुम्हीच दुरुस्त करायचं."