सेकंदाला चौदा अक्षरं

आमच्या स्टुडिओत मला मागून ‘कात्रीबाई’ म्हणतात. समोर ताई म्हणतात. मला दोन्ही चालतं. लघुपटांची सबटायटल्स तपासणं हे माझं काम, आणि त्यातलं निम्मं काम कापण्याचंच असतं. माणूस जेवढ्या वेगानं बोलतो तेवढ्या वेगानं दुसऱ्याला वाचता येत नाही, एवढी साधी गोष्ट दिग्दर्शकांना पटवता पटवता माझे केस पिकले. सेकंदाला चौदा अक्षरं, फार तर पंधरा. त्यापुढे वाचणाऱ्याची नुसती धावपळ होते.

त्या दिवशी सकाळी जो दिग्दर्शक आला, तो माझ्या मुलाच्या वयाचा असेल. चौदा मिनिटांची फिल्म होती. शिलाई मशीनवर बसलेली त्याची आई, तिचं कापड, तिच्या गप्पा. शूटिंग झाल्यावर दोन महिन्यांत आई गेली होती. सबटायटल्स त्यानं स्वतःच लिहिली होती, तिच्याच भाषेत, शब्दाला शब्द.

“तिच्याच भाषेत कशाला? ज्याला भाषा येते तो ऐकेल की,” मी म्हटलं.

“दादा ऐकू शकत नाही. जन्मापासून.”

मी चहा बाजूला ठेवला आणि आवाज जरा मवाळ केला. पण तपासायचं ते तपासलंच. बाराव्या मिनिटापर्यंत किरकोळ दुरुस्त्या होत्या. मग आई दोरा दातानं तोडते आणि एका दमात बोलते: “त्याला सांग, मी रागावलेली नाहीये, तेव्हाही नव्हते, मला त्याच्यासारखं हातांनी बोलता येईना म्हणून गप्प बसायचे.” काना-मात्रा आणि मोकळ्या जागा धरून पाच सेकंदांत एकशे सात अक्षरं, म्हणजे सेकंदाला एकवीस. त्यात शॉट बदलतो म्हणून त्यानं वाक्य मध्येच तोडलेलं. सबटायटलच्या पहिल्या पट्टीवर ‘त्याला सांग, मी रागावलेली’ एवढंच, आणि ‘नाहीये’पासून पुढचं सगळं दुसऱ्या पट्टीवर कोंबलेलं.

“हे कापावं लागेल,” मी म्हणाले.

“बाकी काहीही कापा. यातला एक शब्द नाही.”

“अरे, वाचून होणार नाही त्याला.”

“दादा भरभर वाचतो. पुस्तकांचा फडशा पाडतो तो.”

“पुस्तक त्याच्यासाठी थांबतं. हे थांबत नाही.”

तो खुर्ची ओढून बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. दादा सहाव्या वर्षी लांबच्या निवासी शाळेत गेला. सुट्टीत यायचा तेव्हा आई त्याच्यासमोर नुसती बसून राहायची. तिला लिहिता-वाचता जेमतेम यायचं, खुणा येत नव्हत्या. दादाची समजूत अशी झाली की आई आपल्यावर रागावलीय, आपण असे जन्मलो म्हणून. ती गेली तरी ती समजूत गेली नाही.

“तू सांग ना त्याला.”

“दहादा सांगितलं. त्याला वाटतं मी समजूत घालतोय. तिच्या तोंडून आलेलं माझ्याकडे एवढं एकच वाक्य आहे, ताई. त्यानं तिचा एक शब्द कधी ऐकला नाही. मग तुम्हीच सांगा, यातला कुठला कापू?”

शेवटी मी म्हटलं, “त्याला बोलाव. त्यालाच दाखवू. तुझी सबटायटल्स, तुझ्या वेगानं. वाचून झालं तर मी सही करते.”

दादा दुपारी आला. उंच, शांत, हातांना सरसाचा वास. बाइंडिंगच्या कारखान्यात होता. त्यानं मला नमस्कार केला आणि पडद्यासमोर बसला. आवाज मी बंद ठेवला. त्याला फरक पडणार नव्हता, पण मला पडत होता. इतक्या वेळा ऐकल्यावर मला ते वाक्य पाठ झालं होतं, आणि पाठ झालेलं वाक्य माणूस वाचत नाही, नुसतं ओळखतो. आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक ही.

फिल्म संपली. दादानं मोबाइलवर लिहिलं आणि धाकट्यापुढे धरलं. मी मागून वाचलं.

‘शेवटी म्हणाली ती रागावली होती. कशामुळे, ते वाचेपर्यंत गेलं.’

धाकट्याचं तोंड उतरलं. त्यानं जोरजोरात मान हलवली, हातवारे केले, मोबाइल ओढून घेऊन लिहू लागला. दादानं त्याच्या पाठीवर थोपटलं, आता राहू दे असं. म्हणजे धाकटा पुन्हा समजूतच घालतोय, असं दादाला वाटलं. मला त्या दोघांकडे बघवेना.

“ऊठ,” मी धाकट्याला म्हटलं. “इकडे बस. तूच काप.”

त्याला पंधरा मिनिटं लागली. ‘त्याला सांग’ पहिल्यांदा गेलं. “वाचणारा तोच आहे, आता निरोप्या कशाला हवा,” मी म्हटलं. मग ‘त्याच्यासारखं’ गेलं. ‘गप्प बसायचे’वर तो अडून बसला. आई गप्प बसलेली दादानं उभा जन्म पाहिली होती, ते त्याला लिहून सांगायची गरज नव्हती. हे त्याचं त्यालाच कळलं, आणि त्यानं डोळे पुसत ते खोडलं. उरल्या दोन पट्ट्या. ‘मी रागावले नव्हते. कधीच नाही.’ आणि मग, ‘मला हातांनी बोलता येईना.’ पहिली पट्टी मी शॉट बदलल्यावरही तशीच राहू दिली. नियमात बसत नाही, पण वाक्य तुटण्यापेक्षा नियम तुटलेला बरा. चार सेकंदांत वाचून होत होतं. पुढे आई बोलत राहते, पण पट्टी कोरी.

पुन्हा लावलं. दादानं पहिली पट्टी वाचली. त्याचे खांदे एकदम खाली आले, खूप वेळ उचललेलं ओझं ठेवावं तसे. दुसरी वाचली. मग वाचायला काही उरलं नाही, म्हणून त्यानं आईकडे पाहिलं.

आणि तो उठून उभा राहिला. मागे ने, असं बोटानं सांगितलं. मी मागे नेलं. पुन्हा. मग आम्हीही पाहिलं. बोलता बोलता आई डावा हात उचलते आणि दोन बोटं डाव्या भुवईवर टेकवते. मी ते वीस वेळा पाहिलं होतं, म्हणजे मुळीच पाहिलं नव्हतं. माझं लक्ष आकड्यांवर. धाकट्याला वाटलं होतं ती केस मागे सारतेय.

दादानं आपली उजवी भुवई दाखवली. तिथे लहानपणच्या खोकेचा व्रण होता. त्यावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवली आणि लिहिलं, ‘हे माझं खुणेतलं नाव. शाळेत मुलांनी ठेवलेलं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सुट्टीत मित्र यायचे, ते मला अशी हाक मारायचे.’ मग हसत पुढे लिहिलं, ‘तिनं उलट्या बाजूला केलंय.’

धाकट्यानं वाचलं आणि तो दादाच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसला. दादानं पुन्हा नाव केलं. धाकट्यानं बघून तसंच केलं, आरशात करावं तसं. हात गेला तो डाव्या भुवईवरच.

दोघंही थांबले. समोर बसून, नुसतं बघून बघून शिकलं की असंच होतं. आई गप्प बसायची तेव्हा हेच करत होती, बघून शिकत होती. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते लपवलंही नाही.

“इथे लिहू का काही? ‘आई त्याचं नाव घेते’ असं?” धाकट्यानं मला विचारलं, आणि तेच दादाला लिहून दाखवलं.

दादानं मान हलवली. पट्टीच्या कोऱ्या जागेवर तळहात ठेवला, इथे काही नको असं सांगितलं. मग पडद्यावरच्या आईकडे बघून त्यानं पुन्हा आपलं नाव केलं. या वेळी डाव्या हातानं, डाव्या भुवईवर, तिनं केलं होतं तसं.