आधी मागे, मग चर्चा

अपर्णाचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. दुकानदाराने भाजी ताजी आहे म्हटलं की ती जुडी उलटी करून बघायची. सासूबाई म्हणायच्या, देवाने हातावर प्रसाद ठेवला तरी ही आधी एक्स्पायरी डेट शोधेल. घरात हा स्वभाव जड जायचा, पण आखातात, फुजैऱ्यातल्या ज्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती नोकरीला होती, तिथे तिला याच स्वभावाचा पगार मिळत होता.

कंपनीचं सॉफ्टवेअर बंदरावरच्या तेलाच्या टाक्यांची पातळी नोंदवून ठेवायचं. नोंदी डेटाबेसमध्ये लिहायचं काम त्यात एक लायब्ररी करायची. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला, जगभर वापरला जाणारा तयार कोड. तिची पहिली आवृत्ती आता म्हातारी झाली होती. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या बंद झाल्या होत्या आणि दोन आठवड्यांनी येणाऱ्या गुरुवारी ग्राहकाचं ऑडिट होतं. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीवर जाणं भाग होतं. आवृत्तीचा नुसता बारीक आकडा बदलला तर फारसं काही मोडत नाही. मोठा आकडा बदलतो तेव्हा लिहिणाऱ्यांनीच सांगितलेलं असतं की जुन्या काही सवयी आता चालणार नाहीत.

त्या सवयी कोणत्या, हे चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत असतं. लोक चेंजलॉग वरवर चाळतात. अपर्णाने तो भाडेकरार वाचावा तसा वाचला. एका ओळीपाशी ती थबकली आणि शेजारच्या उपेंद्रला ऐकू जाईल अशा आवाजात तिने ती मराठीत सांगितली. "नवीन व्हर्जन लिहिलेलं आपोआप सेव्ह करणार नाही. आपणच शेवटी कमिट म्हणायचं. न म्हणता कनेक्शन बंद झालं, तर लिहिलेलं पुसलं जाईल."

"आणि एरर?" उपेंद्रने विचारलं.

"एरर नाही. गुपचूप."

"मग हे डेंजरस आहे," तो म्हणाला आणि पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळला.

उपेंद्र तिच्याआधीपासून कंपनीत होता. टीम लीडची जागा रिकामी होती आणि ती दोघांपैकी एकाला मिळणार, हे चहा देणाऱ्यालाही ठाऊक होतं. अपर्णा त्याच्यावर संशयाने नजर ठेवून होतीच, त्यात एक निमित्त मिळालं.

जुन्या आवृत्तीत एक सोय होती. ती चालू केली की पुढे बंद होणारी पद्धत कोडच्या ज्या ओळीत असेल, ती ओळ चालताना इशारा उमटायचा. अपर्णाने सोय चालू करून सगळ्या चाचण्या पळवल्या. इशारे आले जेमतेम सात. एवढ्या जुन्या कोडात सात? डाळीत काहीतरी काळं होतं. तिने शोधलं तेव्हा एका कोपऱ्यातल्या फाइलमध्ये सगळे इशारे दाबून टाकणारी ओळ सापडली. लिहिणाऱ्याचं नाव होतं उपेंद्र.

"परेशनेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "लॉग भरून वाहायचे, कस्टमर ओरडायचा. मी दाबले आणि विसरलो."

परेश हा त्यांचा मॅनेजर. त्याला काहीच आठवत नव्हतं. अपर्णाने मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. ती ओळ तिने काढली, तेव्हा इशाऱ्यांचा पाऊस पडला. त्यानंतरचा आठवडा तिने उपेंद्रच्या फाइल्स विंचरण्यात घालवला. कमिट नसलेली जागा दिसली की दुरुस्त करायची आणि त्याच्याकडे एक कटाक्ष टाकायचा. तो मान खाली घालून काम करत राहिला, याचाही तिला संशयच आला.

मागे फिरण्याची तयारी तिने चोख केली. जुन्या आवृत्तीवरचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर जसंच्या तसं राखून ठेवलं. डेटाबेसच्या तक्त्यांच्या रचनेला हात लावला नाही, म्हणजे परतायची वेळ आलीच तर जुन्या कोडला तिथलं सगळं वाचता यावं. चाचणीच्या सर्व्हरवर पुढे जाऊन मागे येण्याची रंगीत तालीमही केली. परतीच्या सगळ्या पायऱ्या तिने एका कागदावर उतरवल्या, त्यात उपेंद्रने एक वाक्य घातलं. डेटाबद्दल शंका आली की ड्युटीवरच्या माणसाने आधी मागे जायचं, मग चर्चा करायची, कुणाची परवानगी लागणार नाही. परेशने सही केली. अपर्णाला मात्र वाटलं, हा खड्डा माझ्यासाठीच खणला आहे. एकदा घाबरून मागे आले की हा म्हणायला मोकळा, बाईला धीर नाही.

मंगळवारी सकाळी नवी आवृत्ती गेली. एकदम सगळीकडे नाही, आधी एकाच टर्मिनलवर, म्हणजे टाक्यांच्या एकाच आवारात. लॉगमध्ये एकही एरर नव्हती. परेशने "खलास, झालं" म्हणून सगळ्यांना शवर्मा मागवला.

बुधवारी सकाळी त्या टर्मिनलचा सुपरवायझर अर्श याचा फोन आला. अर्श लखनौचा, बोलणं अदबीचं आणि मन पक्कं.

"मॅडम, एक कन्फर्मेशन चाहिए. नौ नंबर टँक का लेवल नापनेवाला रडार रिपेअर में है, डिप हाथ से लेते हैं. हमारा टँक ऑपरेटर सुदेश है ना, उस ने कल से एक भी रीडिंग नहीं डाला. बोलता है डाला. आप का सिस्टम तो ठीक है ना?"

डिप घेणं म्हणजे वजन लावलेली फीत टाकीत सोडून तेल कुठवर आहे ते बघणं. त्यासाठी ऑगस्टच्या उकाड्यात लोखंडी जिना चढून टाकीच्या माथ्यावर जावं लागतं. सुदेश एसी केबिनमध्ये बसून राहिला असेल, असं कुणालाही वाटलं असतं. अर्शला तेच वाटत होतं. त्याच टाकीतून मंगळवारी एका जहाजाला तेल दिलं होतं, म्हणून चोरीचाही वास येत होता. दुपारी एचआर सुदेशच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र देणार होतं. नोकरी गेली की व्हिसा जाणार आणि मग परत गावी, गुहागरला.

अपर्णा सुदेशला ओळखत होती. फुजैऱ्यात मराठी माणसं मोजकी, गणपतीत हाच आरतीला टाळ धरायचा. तरी तिचं पहिलं मत काय झालं, ते सांगायलाच हवं. तिला वाटलं, चढला नसेल. तिच्या सिस्टमला एरर नव्हती, चाचण्या सगळ्या हिरव्या होत्या.

तिने त्याला फोन लावला.

"सुदेश, खरं सांगा. रीडिंग टाकलं होतं?"

"पाच वेळा टाकलं, ताई. काल चार, आज सकाळी एक. सेव्ह्ड असं हिरवं येतं, आकडा पण दिसतो. मग अर्शसाहेब दाखवतात तर काहीच नाही." मग तो हळूच म्हणाला, "ताई, मला आता माझाच भरवसा वाटेना. उन्हानं डोकं फिरलं की काय माझं?"

अपर्णाने त्याचं बोलणं मनात पुन्हा लावून बघितलं. हिरवं येतं, आकडा दिसतो आणि नंतर नसतो. एरर नाही. गुपचूप.

हाताने टाकलेल्या नोंदींचा कोड उपेंद्रचा नव्हता. तिचा होता. नोकरीला लागली त्या वर्षी तिने तो लिहिला होता आणि त्याची चाचणीही तिनेच लिहिली होती. तिने ती फाइल उघडली. नोंद लिहायची, त्याच कनेक्शनवरून परत वाचून हिरवं दाखवायचं आणि कनेक्शन बंद करायचं. कमिट कुठेच नव्हतं. लिहिलेलं त्याच कनेक्शनला तेवढ्यापुरतं दिसायचं, ते बंद झालं की पुसलं जायचं. चाचणीत तर तिने खऱ्या डेटाबेसऐवजी लुटुपुटीचा डेटाबेस लावला होता. खरी लायब्ररी तिथे कधी चाललीच नव्हती, मग इशारा उमटणार कुठून? आठवडाभर तिने दुसऱ्याचा कोड विंचरला आणि आपली फाइल उघडूनसुद्धा पाहिली नाही. दिव्याखाली अंधार तो हाच.

"टर्मिनलवरचा सुदेश खरं बोलतोय, त्याच्या नोंदी पुसल्या जातायत. मी मागे जातेय," ती उठून म्हणाली.

परेश ताडकन केबिनबाहेर आला. "उद्या ऑडिट आहे, अपर्णा. एका मजुराच्या शब्दावर? आधी प्रूव्ह तरी कर. दुपारी मीटिंग घेऊ."

"दुपारी त्याला पत्र मिळेल. आणि तोवर तो जे टाकेल, ते पण पुसलं जाईल."

"हबीबी, कस्टमरला काय सांगू मी?"

उपेंद्र खुर्ची न वळवता म्हणाला, "परेश, तू सही केली आहेस. आधी मागे, मग चर्चा."

अपर्णाने त्याच्याकडे पाहिलं. खड्डा म्हणून जे वाक्य तिने मनात धरलं होतं, ते त्याने तिच्या पाठीशी उभं केलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच क्षणी तिने कमांड दिली. जुनं सॉफ्टवेअर तालमीत आलं होतं तसंच उभं राहिलं.

पण जुनं परतलं म्हणून पुसलेलं परतत नाही. सुदेशच्या पाच नोंदी गेल्या त्या गेल्याच. त्या कधी टाकल्या होत्या, हे अर्शला पटवायचं कसं? तिने सुदेशला पुन्हा एक डिप घ्यायला सांगितलं. तो चढला, फीत सोडली आणि आकडा टाकला. या वेळी नोंद तक्त्यात राहिली.

नोंदीपुढचा अनुक्रमांक बघून अपर्णा खुर्चीत सरळ बसली. सोमवारची शेवटची नोंद ८११ होती. ही नवी होती ८१७.

ती थेट टर्मिनलवर गेली. अर्शच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती म्हणाली, "अर्शभाई, व्हिसा के फॉर्म के लिए टायपिंग सेंटर में टोकन लेते हैं ना? आदमी टोकन लेके बिना काम किये चला जाए, तो भी वो नंबर दुसरे को नहीं मिलता. हमारा डेटाबेस वैसा है. लिखा हुआ मिट जाता है, नंबर वापस नहीं आता. ये टेबल में सिर्फ नऊ नंबर टँक आता है, और वो सुदेश के पास है. आठसो ग्यारह के बाद पाँच टोकन किसने लिये?"

अर्शने स्क्रीनवर बोट लावून दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

"नंबर तो और वजह से भी छूटता होगा," तो म्हणाला. माणूस संशयी होता, अपर्णाला ते आवडलं.

"छूटता है. इसलिए ये भी देखिए." तिने चाचणीच्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चालू करून त्याच्याच हाताने एक आकडा टाकवला. सेव्ह्ड असं हिरवं आलं. मग दुसऱ्या कनेक्शनवरून तिने तक्ता उघडला. काही नव्हतं.

"सुदेश ने रीडिंग लिया था," ती म्हणाली. "मेरे कोड ने फेंक दिया. मेरे, कंपनी के नहीं. नाम लिखना है तो मेरा लिखिए."

अर्शने एचआरला फोन लावला आणि पत्र थांबवलं.

ऑडिटमध्ये जुनी आवृत्ती दिसली, शेरा बसला. महिन्याभराने अपग्रेड पुन्हा झालं. या वेळी अपर्णाची फाइल उपेंद्रने विंचरली आणि चाचण्या खऱ्या डेटाबेसवर, वाचताना नवं कनेक्शन उघडून झाल्या. टीम लीड तोच झाला. तिने त्याचं अभिनंदन मनापासून केलं, फक्त पेढे कधीचे आहेत ते बघून घेतलं.

त्याच दिवशी ती टर्मिनलवर गेली तेव्हा सुदेश नऊ नंबरच्या टाकीवरून उतरत होता. तिला बघून तो हसला, टॅबवर आकडा टाकला. हिरवं आलं. त्याने ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं, आकडा आहे ना ते बघितलं. मग परत बंद केलं, परत उघडलं.

"आता नाही जाणार, सुदेश," अपर्णा म्हणाली. "मी स्वतः तपासलंय."

"हो ताई, तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला आणि त्याने ॲप आणखी एकदा उघडून पाहिलं.