न तुटलेला बोल्ट

साहेब, गिअरबॉक्स भीमराजने नाही फोडला. तुम्ही फोडलात.

मी धाकू, घाटकोपरच्या सांडपाणी पंपिंग स्टेशनवरचा फिटर. आमच्याकडे कचरा अडवायला दोन जाळ्या आहेत आणि दाते फिरवून तो वर खेचणारी दोन यंत्रं. एक नंबरच्या यंत्रात गिअरबॉक्स आणि साखळीच्या मध्ये मऊ लोखंडाची, खाच मारलेली पिन असायची. दाते अडकले की पिन तुटायची, गिअरबॉक्स मोकळा फिरायचा, बाकी सगळं वाचायचं. तुटणं हेच तिचं काम. आमचा ऑपरेटर भीमराज ते तुकडे तारखेची चिठ्ठी गुंडाळून रंगाच्या डब्यात ठेवायचा. म्हणायचा, "धाकूभाऊ, हे आपले शहीद."

मार्चमध्ये तुम्ही तो डबा टेबलावर उपडा केलात.

"महिन्यात चार पिना? मला रिपोर्टमध्ये यंत्र बंद पडल्याची लाल रेघ नको. हार्ड बोल्ट टाक."

"साहेब, पिना चांगल्यात. वरून गाद्या, पोती येतायत. या दोन्हींच्या आधीची मोठी जाळी सडलीय, ती बदला ना..."

"तुला विचारलं का?"

बाहेर आल्यावर भीमराज म्हणाला, "बोल्ट तुटणार नाही, मग तुटणार कोण? मी?" आम्ही दोघं हसलो. आणि बोल्ट मीच आवळला, ८.८ मार्कचा, कडक पोलादाचा. मेमोला घाबरलो, दुसरं काय.

चार महिने लाल रेघ नाही. शाबासकी तुम्हाला मिळाली.

जुलैत एका सकाळी भिजलेली कापसाची गादी आली, फाटून दोन्ही यंत्रांत अडकली. दोन नंबरच्या यंत्रात घसरती कपलिंग आहे. स्प्रिंगने दाबलेल्या चकत्या, ठरल्यापेक्षा जास्त जोर आला की सरकतात. त्या सरकल्या, सेन्सरने मोटर बंद केली. गादी काढली, यंत्र परत चालू. इतकं सोपं.

एक नंबरचं थांबेना. भीमराज बटणाकडे धावला. जास्त भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड स्विच पडायलाही काही सेकंद लागतात, तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता. आत कडाड वाजलं. खोलून बघितलं तर गिअरचे दात तेलात पडलेले. आणि बोल्ट? जागेवर. अख्खा.

भीमराज सस्पेंड. कारण काय, तर "यंत्र वेळेत बंद केले नाही." काल त्याची बायको मालन गेटवर आली. ओरडली नाही. "भावजी, तुम्हाला तर माहितीय ना?" एवढंच.

माहितीय. म्हणून हे लिहून देतोय, खाली सही करून. बोल्ट मी लावला, माझ्यावर काय करायचं ते करा. पण लावायला सांगितलं तुम्ही, आणि तुमच्या सस्पेन्शनच्या कागदात बोल्टचा शब्दसुद्धा नाही.

सोमवारी भीमराजची चौकशी आहे. डबा आणि बोल्ट घेऊन मी तिथे येतोय. एकीकडे तुटलेल्या पिना, एकीकडे न तुटलेला बोल्ट. समोर बसून सांगा साहेब, लेखी सांगा: पिन काढायला कोणी लावली?