हिरव्या शाईतली वाक्यं

ग्रंथपालबाईंचं भाषण गेली सहा वर्षं तेच होतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कॉलेजच्या संशोधन-नीती कार्यशाळेत जेवणाआधीचा तास नेमका त्यांच्या वाट्याला यायचा. त्या वेळी निम्म्या सभागृहाचं लक्ष पोटाकडे असतं हे ठाऊक असल्याने त्या पाल्हाळ लावत नसत.

“इथे चोरी करायला कुणी बसलेलं नाही,” त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. “पण नकळत केलेली उचलही उचलच धरली जाते. तेव्हा सवयी लावून घ्या. दुसऱ्याचं वाक्य वहीत उतरवलं, की त्याच क्षणी अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक. नंतर घालू म्हणाल, तर ते ‘नंतर’ कधी उजाडत नाही. स्वतःच्या शब्दांत लिहायचं असेल तर आधी पुस्तक मिटा. लिहून झाल्यावर उघडून पडताळा. आणि शब्द तुमचे असले तरी विचार दुसऱ्याचा असेल, तर संदर्भ द्यायचाच.”

पेनं खाली-वर होत होती. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका संशोधक मुलीने वही उंचावली. “मॅडम, मी दुसऱ्यांची वाक्यं हिरव्या पेनाने लिहिते, माझी निळ्याने. चालेल ना?”

बाईंची नजर त्या वहीवर खिळली. अशीच एक वही त्यांच्या कपाटात साड्यांखाली अकरा वर्षं पडून होती.

“नाही चालणार,” त्या म्हणाल्या. “रंग टाइप होत नाही.”

एवढ्यावर थांबता आलं असतं. सहा वर्षं त्या थांबल्याच होत्या. पण त्या पोरीचा चेहरा इतका निर्धास्त होता, की बाईंना स्वतःचीच शिसारी आली.

“माझा धाकटा भाऊ याच कॉलेजात शिकवायचा,” त्या सांगू लागल्या. “त्याचीही अशीच वही होती, हिरवी आणि निळी. प्रबंधाची मुदत जवळ आली आणि तो आजारी पडला. म्हटलं, मी टाइप करून देते. सगळं काळ्या अक्षरात गेलं. हिरव्याचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही. घाईत त्यानेही तपासलं नाही, ती चूक त्याची. पण प्रबंधात बावीस परिच्छेद दुसऱ्यांचे निघाले आणि लोक त्याला चोर म्हणाले. ती वही माझ्याकडे होती. मी ती दाखवली नाही. मी इथे नवी होते, कायम व्हायची होते, आणि टाइप केलं होतं लायब्ररीच्याच संगणकावर.”

प्राचार्यांनी आभार मानताना “अत्यंत बोलकं उदाहरण” असं काहीतरी म्हटलं. बाई जेवायला थांबल्या नाहीत.

घरून वही घेऊन त्या थेट छापखान्यात गेल्या. प्रबंध रद्द झाला, पाठोपाठ नोकरीही गेली, तेव्हापासून भाऊ तिथे मुद्रितं तपासायचा. एकेकाळी शंभर पोरांसमोर बोलणारा माणूस दिवसभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसायचा. यंत्रांच्या खडखडाटात त्याने बहिणीला पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

“आज सगळं सांगितलं मी,” बाई म्हणाल्या. “भर सभागृहात. ही तुझी वही. टाइप करताना मीच घोळ घातला होता. तू वही कधी मागितली नाहीस, म्हणजे तुला कळलंच नाही, पण...”

“कळलं होतं, ताई.”

त्याने वही उघडली नाही. हातातल्या मुद्रितावर एक खूण केली आणि मग पेन खाली ठेवलं.

“चौकशी समितीने परिच्छेद दाखवले, त्याच दिवशी कळलं. सगळी हिरवी वाक्यं होती.”

“मग वही मागितली का नाहीस माझ्याकडे?”

“तुझी नोकरी जाईल म्हणून. मागितली असती तर तू नाही म्हणाली नसतीस.” त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच बाईंना सोसवेना. “पण समितीकडे मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली होती. वही समोर आली असती तर निष्काळजीपणाचा ठपका बसला असता. फार तर सुधारून पुन्हा सादर कर म्हणाले असते.”

“मग आठ दिवस काय केलंस?”

“घरीच होतो,” तो म्हणाला. “वाटलं, तू आपणहून येशील.”

बाईंना हुंदका आवरेना. त्याला काही ठाऊक नाही, एवढ्याच एका समजुतीवर त्यांनी अकरा वर्षं काढली होती. भावाने उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं. मग पुढचं मुद्रित ओढून घेतलं, कारण ते चारच्या आत तपासून द्यायचं होतं.